विश्लेषण : खरेदीखतातील एक आकडा चुकला, तर नेमकी कोणती जमीन विकली जाते?

नामपूर परिसरात जमिनीचा सौदा एकरात ठरतो. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये बोलतो आणि खरेदीखताचा मसुदा बहुतेक वेळा जुन्या खरेदीखतावरून उतरवला जातो. या तीन ठिकाणांहून आलेले आकडे एकाच दस्तात एकत्र येतात, तेव्हा ते एकमेकांशी जुळतातच असे नाही. दस्त नोंदवला गेला म्हणजे तो तपासला गेला, असा अनेकांचा समज असतो. दुय्यम निबंधक कार्यालयातून कोणी बांधावर येऊन चतुःसीमा पडताळत नाही. ते काम घेणाऱ्याचे आणि देणाऱ्याचेच आहे, आणि ते सही करण्यापूर्वीच व्हायला हवे.

एकच जमीन किती वेळा लिहिली जाते?

साध्या खरेदीखतात जमिनीचे वर्णन किमान तीन-चार ठिकाणी येते. सुरुवातीला मालकी कशी आली हे सांगताना, मग ‘मिळकतीचे वर्णन’ या भागात, पुढे कब्जा दिल्याच्या कलमात आणि शेवटी नोंदणीसाठी संगणकात भरलेल्या माहितीत. ही शेवटची माहितीच पुढे सूची क्रमांक २ वर उमटते. सूचीवर एक आणि दस्तात दुसरे असेल, तर अडचण फेरफाराच्या वेळी समोर येते. तोपर्यंत पैसे देऊन झालेले असतात.

एक मसुदा तपासून पाहू

समजा, नामपूर शिवारातील गट क्रमांक ३१२/२ चे सातबाऱ्यावरील एकूण क्षेत्र ० हेक्टर ९६ आर आहे. (गट आणि आकडे केवळ उदाहरणासाठी.) त्यातला पूर्वेकडचा एक एकर विकायचा आहे. मसुद्याच्या पहिल्या पानावर ‘गट क्र. ३१२/२ पैकी १ एकर’ आहे. वर्णनात ‘सर्व्हे नं. ३२१/२, क्षेत्र ०.४ हे.’ आहे आणि कब्जाच्या कलमात ‘४० गुंठे’ आहे. वरवर वाचताना सगळे ठीक वाटते. प्रत्यक्षात इथे तीन चुका आहेत.

पहिली चूक क्रमांकाची. ३१२ चे ३२१ झाले आहे, म्हणजे दुसऱ्याचीच जमीन लिहिली गेली. शिवाय ‘गट’च्या जागी ‘सर्व्हे नंबर’ आला आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जिथे एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले. त्यामुळे गट ३१२ आणि जुना सर्व्हे नंबर ३१२ या दोन वेगळ्या जमिनी असू शकतात. आजच्या सातबाऱ्यावर जो शब्द आणि जो क्रमांक आहे, तोच हिश्श्यासह जसाच्या तसा यायला हवा. जुना नंबर द्यायचाच असेल, तर ‘जुना’ असे स्पष्ट लिहून द्यावा.

दुसरी चूक क्षेत्राची. आर आणि गुंठा जवळजवळ सारखे असल्याने ते एकच मानले जातात. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर १ गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४०.४७ आर. ‘०.४ हे.’ म्हणजे मात्र नेमके ४० आर. फरक सुमारे ४७ चौरस मीटरचा, म्हणजे ५०० चौरस फुटांचा आहे. बांध १०० मीटर लांब असेल, तर ही पट्टी दीड फूट रुंद होते आणि बांधावरची भांडणे एवढ्याशा पट्टीवरूनच पेटतात. त्यात ‘०.४’ हे कोणी चार आर असेही वाचू शकते. म्हणून क्षेत्र एकाच एककात, ‘० हेक्टर ४० आर’ असे आकड्यात आणि अक्षरात लिहावे. विक्रेत्याकडे उरणारे क्षेत्रही नमूद करावे. ४० आणि ५६ मिळून ९६ होतात की नाही, हे मग कोणालाही तपासता येते. मात्र ४० आर लिहायचे की ४०.४७, हे दोन्ही पक्षांनी आधी ठरवायला हवे. ते टंकलेखकावर सोडू नये.

तिसरी चूक सर्वांत महागात पडणारी, ती चतुःसीमेची. या मसुद्यात पश्चिमेला ‘गट क्र. ३११’ लिहिले आहे, कारण ती सीमा विक्रेत्याच्या जुन्या खरेदीखतातून उचलली आहे. पण ती आहे संपूर्ण गटाची सीमा. पूर्वेकडचा तुकडा विकल्यावर त्याच्या पश्चिमेला येते ती याच गटातील विक्रेत्याची उरलेली जमीन. आता क्षेत्र सांगते ४० आर आणि सीमा वेढतात ९६ आर. वर्णनात विसंगती असेल, तर न्यायालये स्पष्ट व ओळखता येणाऱ्या सीमांना सहसा क्षेत्राच्या आकड्यापेक्षा जास्त वजन देतात. त्यामुळे ही चूक विक्रेत्यालाही तितकीच घातक आहे.

‘पुढे दुरुस्त करू’ किती सोपे?

सही होण्यापूर्वी खाडाखोड करून चूक सुधारता येते. मात्र १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २० नुसार अशा बदलापाशी दस्त करून देणाऱ्यांची सही किंवा आद्याक्षरी हवी. नोंदणीनंतर चूक दुरुस्ती लेख करावा लागतो आणि त्यासाठी दोन्ही पक्ष पुन्हा यावे लागतात. विक्रेता वारला असेल तर वारसांना गाठावे लागते. त्यातला एक जरी अडून बसला, तर उरतो तो दिवाणी दावा.

असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला आहे. शिवध्यान सिंह विरुद्ध सनिचरा कुंवर या बिहारमधील प्रकरणात १०६० या क्रमांकाचा प्लॉट कागदावर १६० झाला होता. १९६१ मध्ये न्यायालयाने ही केवळ वर्णनातील चूक ठरवली, कारण बाकीच्या तपशिलावरून जमीन कोणती हे निर्विवाद ओळखता येत होते. यातून अनेक जण ‘कोर्ट सांभाळून घेते’ असा अर्थ काढतात. खरा धडा उलटा आहे. एक आकडा चुकूनही दस्त वाचला, तो बाकीचे वर्णन जुळत होते म्हणून. वरच्या मसुद्यात जुळणारे काहीच उरलेले नाही.

तपासायचे कसे?

मसुदा सरळ वाचत गेले की डोळा चुकीवरून घसरतो. त्याऐवजी एकेक बाब धरून सगळी पाने आडवी तपासावीत. आधी फक्त गट क्रमांक, मग फक्त क्षेत्र, मग फक्त सीमा. मसुदा फोनवर पीडीएफमध्ये आला असेल, तर ‘३१२’ शोधू नये. त्याने बरोबर असलेलीच ठिकाणे सापडतील आणि ३२१ लपून राहील. ‘गट’, ‘नं.’, ‘क्षेत्र’, ‘पूर्वेस’ हे शब्द शोधावेत. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मसुद्यात शोध चालत नाही. तेव्हा छापील प्रत घ्यावी आणि प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलने रेघ मारावी. एकाने सातबारा आणि दुसऱ्याने मसुदा हातात धरून क्रमांक ‘तीन-एक-दोन’ असा सुटा वाचावा, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर कानाला सहज फसवतात.

सीमा तोंडी सांगण्यावरून लिहू नयेत. `mahabhunakasha.mahabhumi.gov.in` वर गटाचा नकाशा पाहून शेजारचे गट क्रमांक टिपावेत. शेजाऱ्याचे नाव लिहिलेच, तरी सोबत त्याचा गट क्रमांक हवा. नाव विक्रीने किंवा वारसाने बदलते. मात्र या नकाशाने मोजणी होत नाही. गटातला तुकडा घेताना बांध नेमका कुठे पडणार, हे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीनेच ठरते.

या सगळ्याला तासभर पुरतो. पण मसुदा अनेकदा नोंदणीच्या दिवशीच, सटाण्याच्या कार्यालयाबाहेर हातात पडतो. साक्षीदार ताटकळलेले असतात आणि आकडे जुळवायला कोणालाच सवड नसते. बदलायची आहे ती हीच रीत. इसार देतानाच ‘मसुदा नोंदणीच्या किमान चार दिवस आधी द्यायचा’ असे लिहून घ्यावे. विक्रेत्याने तो सोबत बसून वाचावा, कारण चुकीच्या सीमेत त्याचीही उरलेली ५६ आर जमीन अडकलेली असते.