कोणाची वाट कुठपर्यंत

बाळकुमला कार्यालय, डोंबिवली एमआयडीसीत कारखाना आणि भिवंडीत गोदाम असा पसारा असलेल्या मध्यम कंपन्या ठाणे परिसरात कमी नाहीत. त्यांचा हिशेब आणि मालाचा साठा आता बहुधा क्लाउडवर असतो. अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबई विभाग सुरू केल्यापासून क्लाउड फार लांबही राहिलेला नाही. अशी कंपनी हिशेबासाठी एक आभासी नेटवर्क घेते, मग चाचणीसाठी दुसरे, मग ग्राहकांच्या अ‍ॅपसाठी तिसरे. काही वर्षांत त्यांची संख्या दहावर जाते आणि कोण कोणाशी कसे जोडले आहे हे एकाच माणसाच्या डोक्यात उरते.

पूर्वीची रीत दोन-दोन नेटवर्क थेट जोडण्याची, म्हणजे पीअरिंगची. दहा नेटवर्कना एकमेकांशी जोडायचे तर ४५ जोडण्या लागतात. शिवाय या पद्धतीत मध्ये गाडी बदलता येत नाही: अ आणि ब जोडलेले, ब आणि क जोडलेले, तरी अ कडून क पर्यंत काही जात नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने आणलेल्या ट्रान्झिट गेटवेने ही अडचण सोडवली. कसारा आणि कर्जत मार्गांना कल्याण जसे, तसे हे मधले जंक्शन. प्रत्येक नेटवर्क आणि प्रत्येक कार्यालय त्याला एकदाच जोडायचे.

घोळ इथूनच सुरू होतो. मूळ सेटिंग तसेच ठेवले तर जोडलेला प्रत्येक जण एकाच रूट टेबलात जातो आणि सगळ्यांना सगळ्यांकडे वाट मिळते. कारखान्यातल्या जुन्या विंडोज संगणकात शिरलेल्या रॅन्समवेअरला मग बाळकुमचा लेखा विभाग गाठायला आडकाठी उरत नाही. म्हणून गेटवे तयार करतानाच हे आपोआप जोडणे बंद करावे आणि टेबले हाताने मांडावीत, असे आमचे मत आहे.

त्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. असोसिएशन म्हणजे एखाद्याकडून आलेले पॅकेट कोणते टेबल पाहणार. प्रोपगेशन म्हणजे त्याचा पत्ता कोणकोणत्या टेबलांत लिहिला जाणार. समजा बाळकुम 10.10.0.0/16, डोंबिवली 10.20.0.0/16 आणि हिशेबाचे नेटवर्क 10.50.0.0/16 आहे. दोन्ही ठिकाणे 'कार्यालये' या टेबलाला जोडायची आणि त्यात फक्त हिशेबाचा पत्ता ठेवायचा. हिशेबाचे नेटवर्क दुसऱ्या टेबलाला जोडायचे आणि त्यात दोन्ही ठिकाणांचे पत्ते उतरवायचे. आता दोघांना हिशेब दिसतो, पण डोंबिवलीहून बाळकुमला थेट वाट नाही. चाचणीच्या नेटवर्कचा पत्ता यांपैकी कोणत्याच टेबलात नसल्याने तेही आपोआप बाजूला राहते.

एवढे करूनही हिशेबाचे पान उघडत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा कारण एकच असते: गेटवेची टेबले नीट असतात, पण हिशेबाच्या नेटवर्कच्या स्वतःच्या रूट टेबलात कार्यालयांकडे परतीची नोंद नसते. ती आपोआप होत नाही, हाताने घालावी लागते. ओळखायची खूण सोपी आहे. गेटवेचा `PacketDropCountNoRoute` हा आकडा वाढत असेल तर चूक गेटवेच्या टेबलात शोधावी. तो शून्यावर असून पान लटकत असेल तर आधी परतीची नोंद पाहावी.

दुसरी अडचण पत्त्यांची. छोट्या कार्यालयांत राउटर पेटीतून काढून तसाच लावतात, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी 192.168.1.0/24 हीच मालिका निघते. वेगवेगळे असताना कोणाचे काही बिघडत नाही. जंक्शनला जोडल्यावर मात्र उत्तर भलत्याच ठिकाणी जाते. क्लाउडमधल्या दोन नेटवर्कचे पत्ते तंतोतंत सारखे असतील तर नंतर आलेल्याची वाट टेबलात उतरतच नाही. चालू कारखान्यातले पत्ते बदलणे म्हणजे प्रिंटरपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना हात लावणे. पत्त्यांचा तक्ता आधी करावा.

सगळे काही जंक्शनमधून नेण्याचा अट्टाहासही नको. प्रत्येक जोडणीला तासाचे भाडे आहे आणि जाणाऱ्या प्रत्येक जीबीला वेगळे पैसे. रोज रात्री मोठा बॅकअप दोन ठरावीक नेटवर्कमध्येच फिरत असेल तर तेवढ्यापुरते जुने पीअरिंग स्वस्त पडते.

कार्यालयाकडून गेटवेपाशी येणाऱ्या प्रत्येक व्हीपीएन जोडणीत दोन बोगदे असतात, मूळ सेटिंगमध्ये प्रत्येकी १.२५ गिगाबिटपर्यंतचे. अ‍ॅमेझॉनकडची त्यांची टोके वेगवेगळ्या ठिकाणी असतात, पण बाळकुमकडची बहुधा एकाच राउटरवर आणि एकाच केबलवर. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा पट्ट्यातल्या वीजवाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा क्लाउड शाबूत असून काय उपयोग, हे अनेक कार्यालयांना कळले. दुसरी केबल दुसऱ्या कंपनीची, इमारतीत दुसऱ्या बाजूने शिरणारी हवी, राउटरला बॅटरी हवी. आणि पहिली केबल मुद्दाम उपटून दुसरीवर हिशेबाचे पान खरेच उघडते का, हे कामाच्या वेळेतच पाहायला हवे.