फेसबुकवरचा लिलाव आणि आपली निवडणूक

भावली धरणाच्या बाजूला एका ओळखीच्या भाऊंचं छोटं होमस्टे आहे. पावसाळ्यात त्यांनी धबधब्याच्या फोटोवर पैसे टाकून 'बूस्ट' मारलं. शेकडो लाइक पडले, पण चौकशीचा एकही फोन नाही. भाऊ म्हणाले, "मोठे रिसॉर्टवाले लाखो ओततात, आपली जाहिरात कोण दाखवणार?"

बऱ्याच जणांचा समज हाच आहे. लिलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लासलगावचा कांदा येतो, जो जास्त बोलेल त्याचा माल. फेसबुकवर तसं नसतं. तुम्ही मोबाइल सरकवता तेव्हा जाहिरातीची प्रत्येक जागा त्या क्षणी लिलावाला निघते आणि तीन गोष्टी बघून विजेता ठरतो. पहिली बोली. दुसरी, हाच माणूस हवी ती कृती करेल याचा मशीनने बांधलेला अंदाज. बोलीला या अंदाजाने गुणतात आणि त्यात तिसरी गोष्ट मिळवतात, ती म्हणजे जाहिरातीचा दर्जा. लोक ती लपवतात का, 'लाइक करा शेअर करा' अशी भीक मागितली आहे का, वगैरे.

उदाहरण म्हणून आकडे धरू. रिसॉर्ट एका मेसेजमागे १२० रुपये द्यायला तयार आहे, पण त्याची चकचकीत जाहिरात हजार वेळा दिसली तर एकच जण मेसेज करेल असा अंदाज आहे. म्हणजे हजार वेळांची किंमत १२०. भाऊंची बोली ४० च आहे, पण त्यांच्या जाहिरातीत खोलीचा खरा फोटो, भाडं आणि कसारा घाटातून येणारा रस्ता आहे. हजारात पाच जण मेसेज करतील असा अंदाज. पाच गुणिले ४० म्हणजे २००. दर्जा सारखाच धरला तर भाऊ जिंकले. वर त्यांना २०० सुद्धा द्यावे लागत नाहीत, समोरच्याला मागे टाकायला जेवढे लागतात साधारण तेवढेच कापले जातात.

मग फोन का आला नाही? कारण अंदाज 'कोणत्या कृतीचा' हे आपणच सांगतो. भाऊंनी बूस्ट करताना लाइक-कमेंटचं उद्दिष्ट ठेवलं होतं. मशीनने लाइक करणारी माणसं शोधली आणि मागितलं तेच दिलं. उद्दिष्ट 'मेसेज' ठेवायला हवं होतं. बोली आपण कुठे टाकतो, असं कुणी विचारेल. बहुतेक जण टाकतच नाहीत. रोजचं बजेट भरलं की मशीन आपल्या वतीने बोली लावतं. नेमकं कुठे अडतंय ते जाहिरात व्यवस्थापकात Quality ranking, Engagement rate ranking आणि Conversion rate ranking या तीन रकान्यांत दिसतं, पण जाहिरात निदान ५०० वेळा दिसल्यानंतरच.

इथवर गोष्ट धंद्याची झाली. मला खरी काळजी आहे ती मतांची.

कारण हाच लिलाव प्रचारालाही लागू आहे. ज्या जाहिरातीवर लोक जास्त तुटून पडतील असा अंदाज, तिला तीच जागा स्वस्तात. 'रिपोर्टर्स कलेक्टिव्ह' आणि 'अॅड वॉच' यांनी फेब्रुवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२० मधल्या राजकीय जाहिराती तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यात आपली २०१९ ची विधानसभाही होती. दहा लाख वेळा दिसण्यासाठी भाजपला सरासरी ४१,८४४ रुपये पडले, काँग्रेसला ५३,७७६. कंपनीचं म्हणणं, आमचे नियम सगळ्यांना सारखेच. असतीलही! नियम सारखे असूनही दर वेगळे निघू शकतात, कारण अंदाज आधीच्या वागण्यावरून शिकलेला असतो. ज्याच्या पानावर आधीपासून झुंबड, त्याला पुढेही सवलत. यातला किती फरक अंदाजामुळे आणि किती बोलीमुळे, हे बाहेरून कळत नाही, कारण अंदाजाचा आकडा कंपनी दाखवत नाही.

आपला कायदा मात्र उमेदवाराचा खर्च रुपयांत मोजतो. मर्यादा दोघांना एकच, पण त्याच रुपयात एक जण जास्त घरांत पोचतो. वर पाणी-रस्त्यावर साधं बोलणाऱ्यापेक्षा भडकवणाऱ्याला अंदाज जास्त मिळण्याची शक्यता, हे वेगळंच. पेपरवाल्याने एकाच पानाचा दर उमेदवार बघून बदलला असता तर आपण बोंब मारली असती ना?

माझं मत सरळ आहे. निवडणुकीच्या काळात राजकीय जाहिरातीला अंदाजाचा गुणाकार नको, हजार वेळा दिसण्याचा एकच जाहीर दर हवा. आणि निवडणूक आयोगाने उमेदवाराकडून खर्चासोबत किती वेळा दिसली तेही लिहून घ्यावं.

तोवर facebook.com/ads/library वर जाऊन देश भारत निवडा आणि आपल्या भागातल्या पुढाऱ्यांची पानं शोधा. राजकीय जाहिरातीखाली खर्च आणि किती वेळा दिसली, दोन्ही 'इतके ते इतके' असं दिलेलं असतं. भागाकार ढोबळच निघेल, पण दोन पानांचा शेजारी शेजारी मांडून बघा. काय निघालं ते कमेंटमध्ये टाका, पक्ष कुठलाही असो.