याला ध्यान म्हणू नका

आमच्या वाशीममध्ये मौन म्हणजे शोकसभेतली दोन मिनिटं, नाहीतर एकट्याचं ध्यान. क्वेकरांच्या मौनालाही लोक ध्यानच म्हणतात. मला ते पटत नाही.

विदर्भातच, सेवाग्रामच्या नई तालीममध्ये काम केलेल्या मार्जोरी साइक्स क्वेकर होत्या. त्यांच्या परंपरेत पुरोहित नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळे तासभर एकत्र गप्प बसतात. कुणाला आतून शब्द येतात, तेव्हा छाती धडधडते, असं बसणारे सांगतात. तरी आधी स्वतःला विचारायचं: हे सगळ्यांसाठी आहे, की फक्त माझ्यासाठी? सगळ्यांसाठी असेल तरच उठून थोडक्यात बोलायचं. ऐकणाऱ्यांनी लगेच उत्तर द्यायचं नाही. दिलं की सभेचा वादविवाद होतो.

ध्यानात मी माझ्यापुरता. इथे शेजाऱ्याच्या तोंडून येणाऱ्या शब्दाचीही वाट पाहायची. ती एकट्याने कशी पाहणार?