परत पाठवलेल्या साडीचे १९० रुपये

समजा, जयसिंगपूरच्या एका ताईंनी ऑनलाइन १,३५० रुपयांची साडी मागवली. डिलिव्हरीचे ७० धरून १,४२० भरले. साडी परत गेली आणि खात्यावर जमा झाले १,२३०. डिलिव्हरीचे ७० विक्रेत्याने ठेवलेच, वर पिकअपचे म्हणून १२० कापले. ही लूट आहे, असे कोणीही पटकन म्हणेल. पण साडी परत का गेली आणि ही कपात आधी सांगितली होती का, हे कळल्याशिवाय निकाल देता येत नाही.

विक्रेत्याची बाजूही ऐकायला हवी. ऑनलाइन माल विकणारे सगळेच काही मोठे धनदांडगे नसतात. शेजारच्या इचलकरंजीतला एखादा छोटा कापड व्यापारीही त्यात असतो. साडी गेली आणि परत आली, तर कुरिअरचे भाडे दोन वेळा लागते, घडी मोडते, पॅकिंग वाया जाते. चार साड्या मागवायच्या, एक ठेवायची आणि तीन फुकटात परत करायच्या, हा खर्च अखेर साडी ठेवणाऱ्यांच्याच किमतीत चढतो. शिवाय माल चांगला असताना केवळ मन बदलले म्हणून तो परत करण्याचा सरसकट हक्क आपल्या कायद्याने दिलेला नाही. ती सवलत विक्रेत्याची, म्हणून तिच्या अटीही त्याच्या.

मात्र त्या अटी आधी दिसायला हव्यात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने किमतीत डिलिव्हरीसह कोणते आकार धरले आहेत ते फोड करून दाखवायचे असते आणि माल परत पाठवण्याचा खर्च किती, हेही स्पष्ट सांगायचे असते. ताईंना साडी नुसती आवडली नाही आणि ऑर्डर करतानाच पानावर १२० रुपयांचा उल्लेख होता, तर त्यांनी भांडू नये. तो उल्लेख कुठेच नव्हता आणि आकडा थेट रिफंडमध्येच उगवला, तर जरूर भांडावे.

साडीला डाग निघाला, भलतीच साडी आली किंवा ती जाहिरातीत सांगितल्यासारखी नसली, की चित्र पालटते. अशा वेळी माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. कबूल केलेल्या तारखेनंतर माल आला तरी तेच, फक्त पूर-वादळासारखे कारण नसावे. चूक विक्रेत्याची असताना १२० तर सोडाच, सुरुवातीचे ७० सुद्धा ताईंच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते. आधी लिहून ठेवले होते, ही सबब इथे चालू नये.

खरी फसगत होते ती ॲपवर कारण निवडताना. डाग पडलेली साडी परत करतानाही अनेक जण ‘आता नको आहे’ यावर बोट ठेवतात, कारण त्यात फोटो मागत नाहीत आणि काम लवकर उरकते. नंतर तीच नोंद विक्रेत्याचा पुरावा बनते. म्हणून खरे कारणच निवडावे, डागाचा फोटो जोडावा आणि पिकअपची पावती जपून ठेवावी. रंगाचा वाद मात्र अवघड. मोबाइलवर मोरपंखी दिसलेली साडी उजेडात निळसर वाटली, तर ती फसवणूकच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. वर्णनात लिहिलेला रंग आणि हातातला रंग यांत उघड फरक असेल तरच मुद्दा टिकतो.

तक्रार करताना ‘माझे पैसे द्या’ एवढेच लिहून भागत नाही. ऑर्डर क्रमांक, भरलेली रक्कम, परत आलेली रक्कम, परतीचे कारण आणि कपात कुठे सांगितली होती हा थेट प्रश्न, एवढे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ते झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तिथे कंपनीशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न होतो. आदेश मात्र निघत नाही.

आदेश हवा असेल तर ग्राहक आयोगाकडे जावे लागते. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा चालतो. जयसिंगपूरला सांगली जवळची, पण तालुका शिरोळ आणि जिल्हा कोल्हापूर, तेव्हा दावा कोल्हापूरच्या आयोगातच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तरीही १९० रुपयांसाठी कोल्हापूरच्या खेपा परवडत नाहीत, आणि कपात करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. त्यामुळे छोट्या रकमेत लेखी तक्रार आणि १९१५ इथपर्यंतच जावे. फ्रिज किंवा मोबाइलच्या रिफंडमधून हजारो रुपये गेले असतील, तर आयोगाचे दार ठोठावायला कचरू नये.