विश्लेषण : निरभ्र आकाशातून कृत्रिम पाऊस का पडत नाही?

पावसाने ओढ दिली की ‘विमान पाठवा आणि पाऊस पाडा’ ही मागणी हमखास होते. मराठवाड्याने २०१५ आणि २०१९ मध्ये असे प्रयोग पाहिले. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीत प्रदूषण कमी करण्यासाठी आयआयटी कानपूरच्या विमानाने फवारणी केली, पण अपेक्षित पाऊस झालाच नाही. ढगांमधला ओलावा जेमतेम १५ ते २० टक्के होता, असे संस्थेने नंतर सांगितले. या अपयशाचे कारण समजून घेतले, तर तंत्रज्ञानाकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे कळते.

विमान नेमके काय करते?

ढग म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. ते इतके हलके असतात की वर चढणाऱ्या हवेत तरंगत राहतात. सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र आले, तर एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब तयार होतो. अनेक ढगांत हे एकत्र येणे घडतच नाही आणि ढग न बरसता विरून जातो. विमान अशा ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडसारख्या क्षाराच्या नळकांड्या जाळते. वर जाणारी हवा हे कण ढगात ओढून घेते. क्षार ओलावा शोषतो, त्याभोवती मोठे थेंब बनतात आणि ते खाली येताना लहान थेंबांना गिळत जातात. शून्याखालच्या तापमानाच्या उंच ढगांत सिल्व्हर आयोडाईड वापरतात. त्याभोवती बर्फाचे स्फटिक तयार होतात. म्हणजे दोन्ही प्रकारांत पाणी ढगाचेच असते. विमान फक्त ते खाली आणण्यास मदत करते.

मग ढगच नसेल तर?

हवेतल्या बाष्पाचे पाणी होण्यासाठी सापेक्ष आर्द्रता शंभर टक्क्यांजवळ जावी लागते. त्यासाठी हवा वर चढून थंड व्हावी लागते. एका ढगाएवढी, म्हणजे लाखो टन हवा वर उचलण्याचे काम मोसमी वारे, डोंगर किंवा तापलेली जमीन करते. काही किलो मीठ ते करू शकत नाही. कोरड्या हवेत क्षाराचे कण नुसते धुळीसारखे पसरतात. एखादा थेंब तयार झालाच, तरी खाली येताना कोरड्या हवेत तो वाळून जातो. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत घामाच्या धारा लागतात, हवेत भरपूर बाष्प असते. तरी पाऊस पडत नाही, कारण ती हवा पुरेशी वर चढत नाही.

सोलापूरने काय दाखवले?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर परिसरात शास्त्रशुद्ध प्रयोग केला. कोणत्या योग्य ढगात फवारणी करायची आणि कोणता तसाच सोडायचा, हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. हे आवश्यक होते, कारण फवारलेला ढग बरसला तरी तो एरवीही बरसला असता का, हे एकट्या ढगाकडे पाहून सांगता येत नाही. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ढगांची तुलना रडार आणि पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून केली गेली. वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्के वाढल्याचे आढळले. योग्य ढग मिळाले, तर हे तंत्र काम करते, याचा हा आधार आहे.

पण त्या वाढीचे मोजमापही पाहा. प्रयोगातून सुमारे ८६ कोटी ७० लाख लिटर जादा पाणी मिळाल्याचा अंदाज आहे. आकडा मोठा वाटतो. मात्र १०० चौरस किलोमीटरवर ते सारखे पसरले तर थर साधारण पावणेनऊ मिलिमीटरचा होतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. त्या हिशेबाने हे पाणी ०.०३ टीएमसी भरते. शेजारच्या उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे.

याचा अर्थ काय?

सुकत चाललेल्या पिकाला मोक्याच्या वेळी मिळालेले आठ-नऊ मिलिमीटर पाणी मोलाचे असते. रिकामे धरण मात्र त्याने भरत नाही. शिवाय टक्केवारी ही मूळ पावसाची असते. ५० मिलिमीटरचे १८ टक्के नऊ होतात, शून्याचे शून्यच. म्हणून दुष्काळ जाहीर झाल्यावर, ढग ओसरल्यावर निविदा काढण्यात अर्थ नाही. फवारणी करायचीच असेल तर विमान, रडार आणि निरीक्षक जूनमध्येच सज्ज हवेत आणि योग्य ढग आल्यावरच उड्डाण व्हावे. प्रत्येक प्रयोगानंतर सरकारने किती नळकांड्या जाळल्या हे सांगून थांबू नये. न फवारलेल्या ढगांच्या तुलनेत पाऊस किती वाढला, तो आकडा जाहीर करावा. नुसते ‘फवारणीनंतर पाऊस झाला’ हे वाक्य पुरावा ठरत नाही. पावसाळ्यात फवारणी न करताही पाऊस होतोच.