कोशिंबिरीवरची फोडणी

संपादक महाशय,

गाजर कच्चे व तेलावाचूनच खावे, हा आपल्या पत्रलेखकांचा आग्रह मला मुळीच मंजूर नाही. कारण त्यातील बीटा-कॅरोटिन पेशींच्या चिवट भित्तिकांआड स्फटिकरूपाने कोंडलेले असते, ते किसण्याने थोडे व शिजवण्याने अधिक मोकळे होते, आणि पाण्यात न विरघळणारे हे द्रव्य पित्ताच्या साहाय्याने आतड्यात शोषले जाण्यास त्याच जेवणात ३ ते ५ ग्रॅम स्नेह, म्हणजे कोशिंबिरीवरची चमचाभर तेलाची फोडणी, बहुधा पुरेशी होते. पिकल्या पपईत हे द्रव्य द्रवस्फटिकरूप असल्याने ती न शिजवताही ते अधिक लाभते. मंडईतल्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात मात्र ते नाममात्रच. तेथे तुपाचाही इलाज चालत नाही, केशरी गराचेच हवे.

आपला,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे