'चालेल का?' हे विचारणं सोडा

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी गगनबावड्याहून कोल्हापुरात गेला. नवरा-बायको आणि एक लहान मूल. फ्लॅट पाहायला त्याने मला सोबत नेलं. घर पसंत पडलं, भाडं ठरलं. निघताना मी मालकांना म्हणालो, "साहेब, आम्ही मुसलमान. घरात मटण-मच्छी शिजेल, रमजानमध्ये इफ्तारला चार माणसं येतील, ईदला पाहुणे येतील. चालेल का? बिल्डिंगमध्ये काही बंधन आहे का?"

मालक हसून म्हणाले, "छे हो सर, आमचं काहीच नाही. फक्त सोसायटीला विचारून कळवतो."

फोन आला नाही. तीन आठवड्यांनी पाटी तिथेच लटकत होती.

परतीच्या एसटीत मी खूश होतो. किती अदबीने बोललो आपण! आज त्या अदबीचीच मला चीड येते. मी भाषा शिकवतो, म्हणून 'चालेल का' या दोन शब्दांकडे जरा बघा. मालकाने काही अट सांगितली नव्हती. आम्ही गुन्हाही केला नव्हता. तरी जेवण आणि सण ही कबुली दिल्यासारखी मीच पुढे ठेवली आणि माफी मागितल्यासारखी परवानगी मागितली. त्यांना नाही म्हणायचं कष्टही पडले नाहीत. 'सोसायटीला विचारतो' एवढं पुरलं. आणि हे कोल्हापुरात, जिथे तांबडा-पांढरा रस्सा हीच गावाची ओळख आहे! अडचण मटणाची होती की मटण खाणाऱ्याच्या नावाची, हे सांगायला वेगळा पुरावा कशाला हवा?

आता 'सोसायटीला विचारतो' याचं काय ते पाहू. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे घर भाड्याने देताना सभासदाने सोसायटीला कळवायचं असतं. तिची पूर्वपरवानगी मागायची नसते. म्हणजे जी परवानगी लागतच नाही, तिच्या आड मालक लपतात.

कायदा आपल्याला सगळीकडे वाचवतो असं मात्र समजू नका. घटनेचं कलम १५ सरकारला धर्मावरून भेदभाव करू देत नाही. दुकानं आणि हॉटेलांनाही ते लागू आहे. खाजगी घरमालकाचा उल्लेख त्यात नाही. २००५ साली तर सुप्रीम कोर्टाने गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायला मुभा दिली. तेव्हा नकार देणाऱ्याला कोर्टात खेचणं सोपं नाही. पण नकार कशासाठी आहे, हे त्याच्या तोंडून वदवून घेणं आपल्या हातात आहे.

म्हणून प्रश्न बदला. सरळ विचारा: "सोसायटीचे भाडेकरूंसाठी नियम कोणते? लेखी दाखवाल का? ते सगळ्यांना सारखेच आहेत ना?" रात्री दहानंतर आवाज नको, जिन्यात चपला नकोत, पाहुण्यांच्या गाड्या बाहेर लावा, हे नियम गणपतीला जमणाऱ्या माणसांना लागू असतील तर इफ्तारलाही लागू. ते आपण पाळायचेच. पण नियम फक्त आपल्या सणापुरता निघाला, तर त्याला नियम म्हणत नाहीत.

कुर्बानीचा मुद्दा वेगळा आहे आणि तिथे आपणही प्रामाणिक राहिलं पाहिजे. २०२३च्या बकरी ईदच्या तोंडावर मुंबई हायकोर्टाने दक्षिण मुंबईतल्या एका सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं, की महापालिकेचा परवाना नसेल तर आवारात जनावर कापू देऊ नका. हे मान्य करायला हवं. पण कुर्बानी परवान्याच्या जागी करून वाट्याचं मटण घरी आणणं आणि शिजवणं ही गोष्ट निराळी. दोन्ही एकात कालवून कोणी 'तुमच्या सणांचा त्रास होतो' म्हणालं, तर तिथेच थांबवून फरक सांगा.

मालक तोंडी 'काही बंधन नाही' म्हणाले तर तेही करारात घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. चार महिन्यांनी सेक्रेटरी दारात येऊन 'वास येतो' म्हणाला, तर करारातली एक ओळ तुमच्या शंभर विनवण्यांपेक्षा जास्त बोलेल.

आणि हो, आपल्या मोहल्ल्यात ज्यांची घरं आहेत त्यांनीही दुसऱ्या जातीधर्माच्या भाडेकरूला हाच न्याय द्यावा. नाहीतर माझी ही तक्रार खोटी ठरेल.

शाहू महाराजांनी याच कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभारली. १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग आलं. खेड्यातून शिकायला आलेल्या पोराला शहरात छप्पर मिळावं, ही त्यामागची गरज होती. शंभरावर वर्षं लोटली. माझा विद्यार्थी शिकला, नोकरीला लागला, भाडं भरायला तयार आहे. तरीही घरासाठी त्याने आपल्या ताटाची सफाई द्यायची?

पुढच्या वेळी मी सोबत गेलो तर भाडं विचारीन, पाणी किती वाजता येतं ते विचारीन, नियमांचा कागद मागीन. 'चालेल का' मात्र विचारणार नाही.